८० टनांची तुळई आणि १७२ माणसं: इजिप्तवाल्यांनी एवढे दगड ओढले कसे, चढवले कसे?

रानजाई (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात आमच्या भिशीच्या ग्रुपबरोबर इजिप्तला जाऊन आले. खुफूच्या मोठ्या पिरॅमिडमध्ये आत जाता येतं, वाकून वाकून चढत जायचं, गुडघ्यांचं पार पीठ होतं आणि मग एकदम एका खोलीत आपण सरळ उभे राहतो. साधारण साडेदहा मीटर लांब, सव्वापाच मीटर रुंद. चारी बाजूंनी ग्रॅनाइट. बाकीच्या बायका राजाच्या रिकाम्या शवपेटीपाशी फोटो काढत होत्या आणि मी मान वर करून छत बघत बसले. नऊच दगड आहेत छताला! भिंतीपासून भिंतीपर्यंत एकेक अखंड तुळई. गाइड म्हणाला यातला एकेक दगड २५ ते ८० टनांचा, आणि तो आलाय अस्वानहून, म्हणजे नाईलच्या वरच्या अंगाला आठेकशे किलोमीटरवरून. आणि ही खोली जमिनीपासून ४३ मीटरवर आहे, म्हणजे आपल्याकडची चौदा मजली बिल्डिंग धरा.

साडेचार हजार वर्षांपूर्वी. लोखंड नाही, पुली नाही, घोडा नाही.

परग्रहवासी वगैरे नकोय मला, त्यावर विश्वासही नाही. पण खरंच माणसांनी हे कसं केलं असेल ते हिशोबासकट समजून घ्यायचंय. मी गणिताची शिक्षिका होते त्यामुळे आकडे चालतील. "हजारो मजूर लावले" हे उत्तर मला पटत नाही, हजार माणसं एका दगडाला हात तरी कुठे लावणार?

---

नील_पुणे

ताई, हे कोडं सुटलंय आता. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठाच्या लोकांनी प्रयोग केला होता, वाळू योग्य प्रमाणात ओली केली की बिनचाकांची घसरगाडी ओढायला लागणारा जोर निम्मा होतो. कोरड्या वाळूत गाडीच्या पुढे वाळूचा ढीग साठतो आणि तोच ढकलत न्यावा लागतो, ओल्या वाळूत कण एकमेकांना धरून ठेवतात त्यामुळे ढीग होत नाही. आणि पुरावा म्हणजे जेहुतीहोतेप नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात चित्रच आहे, एक भला मोठा पुतळा लाकडी घसरगाडीवर बांधलाय, माणसं ओढतायत आणि एक माणूस गाडीच्या पुढच्या टोकावर उभा राहून खाली पाणी ओततोय. आधी लोकांना वाटायचं की तो काहीतरी पूजेचा विधी आहे. तर तसं नाही, तो वंगण करतोय.

थोडक्यात काय तर ओली वाळू. सुटला प्रश्न.

---

खान्देशी_भाऊ

नुसतं ओढणं सोपं आहे हो, थांबवणं अवघड. आमच्या जळगावला कार्तिकी एकादशीला रथ निघतो, ज्यांनी पाहिलाय त्यांना माहितीये. पुढे दोर धरणारे असतात शेकड्याने, जल्लोष असतो, पण खरी कामगिरी असते मोगरीवाल्यांची. मोगरी म्हणजे लाकडाचा ठोकळा, तो चाकाखाली सरकवायचा. वळणावर एका बाजूच्या चाकाला मोगरी दिली की रथ त्या अंगाला वळतो, उतारावर दोन्हीकडे दिली की थांबतो. एक सेकंद चुकली की काय होईल याचा विचार नको.

माझा प्रश्न असा की त्यांच्या गाडीला तर चाकच नाही. मग चढावर दगड अर्ध्यात असताना माणसांनी दम खायचा म्हटलं तर दगड मागे यायचा नाही का? आणि कोपऱ्यावर वळवायचा कसा?

---

काळा_कातळ

चांगला धागा. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, जुन्या दगडी बांधकामांच्या दुरुस्तीत वीस-बावीस वर्षं गेली, आणि इजिप्तचा हा विषय माझा आवडता आहे त्यामुळे जरा लांब लिहितो.

नील, ओल्या वाळूचा प्रयोग उत्तम आहे आणि तू जे सांगितलंस ते बरोबर आहे. पण त्याने प्रश्न सुटत नाही. कसं ते त्याच चित्रावरून दाखवतो, रानजाई ताईंना आवडेल.

पुतळा अलाबास्टरचा, हातनुबच्या खाणीतला, बसलेल्या स्थितीतला. सोबतच्या मजकुरात उंची १३ हात दिलीय, म्हणजे पावणेसात मीटरच्या आसपास, त्यावरून वजन काढतात साधारण ५८ टन. ओढणारी माणसं मोजली तर १७२. चार दोर आहेत, म्हणजे एका दोरावर ४३ जण.

आता माणूस किती ओढतो? एक झटका द्यायचा असेल तर पाय चांगले रोवलेला माणूस ५०-६० किलोचा जोर देईल. पण चालत चालत, तासन् तास ओढायचं तर ३५ किलोच्या वर धरू नये. १७२ गुणिले ३५ म्हणजे झाले ६ टन. ५८ टनांचा पुतळा ६ टनांच्या ओढीने हलतोय, म्हणजे घर्षण वजनाच्या एक दशांश हवं.

ओल्या वाळूवर घर्षण येतं वजनाच्या साधारण तीन दशांश. कोरड्यावर पाच-सहा दशांश होतं ते निम्मं झालं, कबूल. पण तीन दशांश म्हणजे साडेसतरा टन ओढ, म्हणजे पाचशे माणसं. चित्रात आहेत १७२. तिप्पट फरक आहे!

मग तो पाणी कशावर ओततोय? माझं मत, आणि हे एकट्या माझं नाही, की तो वाळूवर नाही तर तयार केलेल्या रस्त्यावर ओततोय, ज्यावर नाईलचा गाळ थापलेला आहे. लिश्तला सेनुस्रेत पहिल्याच्या पिरॅमिडजवळ असे बांधकामाचे रस्ते सापडलेत, त्यात आडवी लाकडं पुरलेली आहेत. १९३० च्या दशकात कर्नाकच्या मंदिराचं काम बघणाऱ्या आंरी शेव्रिए यांनी ओल्या गाळाच्या पट्ट्यावर पाचेक टनांचा दगड घसरगाडीवर ठेवून ओढून बघितला तर सहा माणसांना तो हलला. सहा! म्हणजे चित्रातले लोक त्या मानाने आरामात होते असं म्हणायला हवं.

वाळूत पाणी जरा जास्त झालं तरी ती पुन्हा जड होते. गाळाचं तसं नाही, तो साबणासारखा होतो. पावसाळ्यात काळ्या रानात घसरून पडलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

---

पहारवाला

कातळसाहेब एकदम बरोबर. मी इंजिनिअर नाही, पिंपरी-चिंचवडला मशीन शिफ्टिंगच्या कामात तीस वर्षं काढली. प्रेस, लेथ, बॉयलर, जे क्रेन आत जाऊ शकत नाही अशा शेडमध्ये आम्ही हाताने सरकवतो. पहार, पाइप, लाकडी स्लीपर, चेन ब्लॉक.

एक गोष्ट सांगतो जी हिशोबात येत नाही. हललेला माल ओढणं वेगळं आणि बसलेला माल हलवणं वेगळं. मशीन एकदा सरकायला लागलं की चार माणसं नेतात पण जागेवरनं उठवायला आठ लागतात. म्हणून सगळ्यांचा झटका एका वेळी यायला पाहिजे. आमच्याकडे एक म्हातारा होता तो फक्त आवाज द्यायचा, हात लावायचा नाही, आणि नवीन पोरं म्हणायची हा काय कामाचा, पण तो नसला की माल हलत नव्हता.

त्या चित्रात असा कोणी आहे का?

---

काळा_कातळ

आहे ना पहारवाले दादा! पुतळ्याच्या मांडीवर उभा आहे आणि टाळ्या वाजवतोय. अजून बऱ्याच गोष्टी आहेत त्या चित्रात ज्या तुम्हाला लगेच ओळखू येतील. पुतळ्याला दोर आवळलेत ते दोराच्या फासात दांडके घालून पीळ देऊन आवळलेत, आणि जिथे दोर दगडाच्या कडेवर येतो तिथे खाली कसलातरी जाड तुकडा घातलाय, कातडं असावं. खालच्या बाजूला तिघं जण कावडीने पाणी आणतायत आणि तिघं जण एक खाचा पाडलेलं मोठं लाकूड खांद्यावर घेऊन चाललेत.

---

पहारवाला

कडेला कातडं घातलंय म्हणजे ज्याने चित्र काढलं त्याने काम जवळून बघितलंय. आम्ही सायकलची ट्यूब किंवा गोणपाट घालतो. एकदा एका कारखान्यात घाईघाईत नाही घातलं, बिडाच्या धारेवर दोर निम्मा कापला गेला आणि ते कुणाला दिसलं नाही. तुटताना दोराचा फटका ज्याला बसला त्याचा हात आजही पूर्ण वर होत नाही. तेव्हापासनं मी प्रत्येक कड हाताने चाचपून बघितल्याशिवाय दोर ताणू देत नाही.

---

ओसरी

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे पण इथे जाणकार आहेत म्हणून विचारते. आमचा वाड्याचा जुना भाग उतरवतोय, त्यात ओसरीचे चार दगडी खांब आहेत आणि एक मोठा उंबरठा. उंबरठा सहा फूट लांब आहे, एक फूट बाय एक फूट असेल. तो मला नवीन घराच्या अंगणात बसायला ठेवायचाय. जेसीबी बोळात येत नाही. पाथरवट म्हणतो दोन तुकडे करून नेऊ. मला तुकडे नको आहेत, सासूबाई त्यावर बसून धान्य निवडायच्या. ओला गाळ टाकून ओढता येईल का हो?

---

पहारवाला

वहिनी तुकडे करू देऊ नका. सहा घनफूट काळा दगड म्हणजे साधारण पाचशे किलो, हे काही मोठं काम नाही. बोळात फरशी किंवा काँक्रीट आहे का? असेल तर गाळ नको, दीड इंची जाड पाइपचे चार-पाच तुकडे घ्या. पहारीने एक टोक उचलायचं, खाली पाइप, मग दुसरं टोक. मागचा पाइप सुटला की तो आणून पुढे घालायचा. पाइप एकमेकांना समांतर राहिले पाहिजेत, एक तिरका झाला की दगड तिकडे वळतो. पायाची बोटं सांभाळा, हात दगडाखाली घालायचा नाही, कितीही वाटलं तरी. उतार असेल तर मागून दोर आणि जळगावच्या भाऊंची मोगरी.

नुसता मुरूम असेल तर खाली फळ्या अंथरा. पाइप मुरमात रुततो, मग तो फिरत नाही, उलट अडसर होतो.

---

नील_पुणे

हेच मी विचारणार होतो. मग इजिप्तमध्ये गोल ओंडके का नाही वापरले? शाळेच्या पुस्तकात तर तेच चित्र असायचं, दगडाखाली ओंडके.

---

काळा_कातळ

पहारवाल्यांनी उत्तर देऊन टाकलंय खरं तर. ओंडका चालतो तो कठीण आणि सपाट जमिनीवर, आणि सगळे ओंडके एकाच जाडीचे, नीट गोल असले तर. ५८ टन वजन असताना मऊ जमिनीवर ओंडके रुतणार, कठीण जमिनीवर मधला जो किंचित जाड असेल त्याच्यावर सगळा भार येऊन तो चिरडणार. इजिप्तमध्ये चांगलं सरळ मोठं लाकूड मुळात कमी, देवदार लेबनॉनहून यायचा. छोट्या दगडांना काही ठिकाणी वापरले असतील, मी नाही म्हणत नाही. पण मोठ्या दगडाची जी चित्रं आहेत त्यात घसरगाडी आहे, आणि खऱ्या लाकडी घसरगाड्याही सापडलेल्या आहेत.

---

आबा_शेतकरी

बैल का नाही लावले?

---

काळा_कातळ

आबा, लावले होते. खुफूनंतर हजार वर्षांनी, अहमोस राजाच्या काळातलं, कैरोजवळच्या तुरा इथल्या खाणीजवळचं एक कोरीव चित्र आहे त्यात बैलांच्या जोड्या घसरगाडीवरचा दगड ओढताना दिसतात. पण दगड मध्यम आहे.

---

आबा_शेतकरी

बरोबर आहे. आमच्या वडलांच्या काळी मोठ्या नांगराला सहा नाहीतर आठ बैल जुंपत. चार जोड्या एका ओळीत म्हणलं की प्रत्येक जोडीमागं माणूस लागतो. पुढची जोडी ओढती तवा मागची नुसती चालती, मागची ओढती तवा पुढची वळती. आठ बैलांचं बळ आठपट कधीच मिळत नाही, पाच-सहापट मिळालं तर नशीब. पन्नास जोड्या एका दोराला लावून एका टायमाला ओढायला लावणं कुणाला जमायचं नाही. माणसाला टाळी कळती. बैलाला आपल्या धन्याची हाळी कळती, दुसऱ्याची नाही.

---

रानजाई

आबा, काय सुंदर सांगितलंत.

कातळ, आता माझ्या छताकडे या. सपाटीवर पटलं मला. पण ४३ मीटर वर?

---

काळा_कातळ

ताई, आधी तो ८० चा आकडा जरा तपासू या. तुम्ही बघितलेल्या छतात नऊ दगड, खोली साडेदहा मीटर लांब, म्हणजे एकेकाची रुंदी सरासरी १.१७ मीटर. लांबी सव्वापाच मीटर अधिक दोन्ही भिंतींवर टेकायला जागा, सात मीटर धरू. जाडी खालून दिसत नाही, दोन मीटर धरली तरी साडेसोळा घनमीटर झाले, ग्रॅनाइटच्या हिशोबाने ४३-४४ टन. या छताच्या वर भार हलका करायला अजून पाच पोकळ्या आहेत एकावर एक, तिथेही ग्रॅनाइटच्या तुळया आहेत आणि त्यातला एखादा जास्त भरत असेल. म्हणून ८० हा वरच्या टोकाचा अंदाज समजा. मी ४० धरून हिशोब मांडतो.

दहाला एक असा चढ घेऊ. दहा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. चढामुळे वजनाचा एक दशांश म्हणजे ४ टन ओढ लागते, आणि ओल्या गाळाच्या रस्त्यावर घर्षणाचे अजून ४ टन. एकूण ८. भागिले ३५ किलो, झाली २३० माणसं. तुम्ही म्हणालात ना हजार माणसं हात कुठे लावणार, तर हजार लागतच नाहीत. चार दोर, प्रत्येकावर ५८ जण, दोघा-दोघांच्या जोडीने उभे केले तर २९ ओळी, एका ओळीला एक मीटर. तीस मीटर लांब माणसांचा तांडा आणि मागे दगड. एका दोरावर ओढ येते दोन टन, जाड दोराला ती झेपते.

आणि दुसरी गोष्ट लोक विसरतात. खोली बांधली तेव्हा वरचा पिरॅमिड नव्हताच. ४३ मीटर उंचीवर तेव्हा साधारण १६० मीटर बाय १६० मीटरचं सपाट मैदान होतं. दगड चढावर असताना ओढणारी माणसं पुढे सपाटीवर पोचलेली असतात, सरळ चालत जाऊ शकतात.

वाळूवरून ओढलं असतं तर याच दगडाला १६ टन, म्हणजे साडेचारशेच्या वर माणसं. म्हणून मी त्या गाळाच्या मागे लागलोय.

---

खान्देशी_भाऊ

पण साहेब चढावर ओला गाळ म्हणजे माणसांचेच पाय घसरतील की! आणि माझा थांबवायचा प्रश्न राहिलाच.

---

काळा_कातळ

भाऊ, दोन्ही प्रश्नांना एकच जागा उत्तर देते. २०१८ मध्ये हातनुबच्या त्याच अलाबास्टरच्या खाणीत, फ्रेंच आणि लिव्हरपूलच्या संशोधकांना एक चढ सापडला, खुफूच्या काळातला. मधून घसरगाडीचा रस्ता, दोन्ही बाजूंना पायऱ्या आणि पायऱ्यांच्या कडेने खांब रोवायची भोकं. माणसं चालणार कोरड्या पायऱ्यांवर, गाडी जाणार मधल्या रस्त्यावर. चढही दहाला एक नाही, पाचाला एकपेक्षा तीव्र आहे! आणि दोर खांबांना गुंडाळून काही माणसं वर ओढत असतील तर काही उलटी खाली चालत ओढत असतील, स्वतःच्या वजनाचा फायदा घेऊन, असा त्या संशोधकांचा अंदाज आहे.

---

पहारवाला

थांबवायचं मी सांगतो. दोराचे खांबाला दोन-तीन वेढे द्या आणि मोकळं टोक एका माणसाच्या हातात द्या. वर टन-दोन टन ओढ असू द्या, एक माणूस ते टोक धरून बिडी ओढत उभा राहू शकतो. वेढ्यांचं घर्षण सगळं धरून ठेवतं. आम्ही उतारावर मशीन सोडताना कॉलमला असेच वेढे देतो आणि टोक थोडं थोडं सैल करतो.

पण यात एक अडचण आहे कातळसाहेब. जे वेढे धरून ठेवतात तेच वेढे ओढताना खातात पण. खांबाला नुसता अर्धा वळसा दिला तरी लाकडावर दोर घासून निम्म्याहून जास्त जोर वाया जातो. पुली असती तर गोष्ट वेगळी, पुली त्यांच्याकडे नव्हती. तेव्हा मला वाटतं ते खांब ओढायला कमी आणि धरून ठेवायला जास्त असतील. दम खायचा, वेढा आवळायचा, पाणी प्यायचं, पुन्हा टाळी.

---

काळा_कातळ

हा मुद्दा मी कुठे वाचलेला नाही आणि मला तो पटतोय. खांबाला तेल-चरबी लावली असेल तर थोडं वाचेल, पण निम्म्याच्या आसपास जातंच.

---

प्रश्नचिन्ह

मी शांतपणे वाचत होते. दोन शंका आहेत. पहिली, ते चित्र खुफूनंतर सहा-सातशे वर्षांनी काढलंय. तेव्हाच्या पद्धतीवरून खुफूच्या काळाबद्दल बोलणं कितपत बरोबर? दुसरी, १७२ हा आकडा चित्रकाराने भिंतीवर मावतील तेवढी माणसं काढून आला असेल. त्यावरून घर्षण काढणं म्हणजे वारलीच्या चित्रातली माणसं मोजून गावची लोकसंख्या काढण्यासारखं आहे.

---

काळा_कातळ

दुसरी शंका रास्त आहे, मजकुरात १७२ असा आकडा लिहिलेला नाही. शेव्रिएंच्या प्रयोगाशी तो जुळत नसता तर मी त्यावर इतका भर दिला नसता. पहिलीबद्दल, हातनुबचा चढ खुफूच्याच काळातला आहे. आणि २०१३ मध्ये पिएर ताले यांच्या टीमला तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल जर्फला जे पपायरस मिळाले, ते खुफूच्या शेवटच्या वर्षांमधले. त्यात मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. चाळीसेक माणसांची टोळी, तुऱ्याच्या खाणीतून पांढरा चुनखडक होडीत भरायचा, गिझाला उतरवायचा, दहा दिवसांत दोन-तीन खेपा. रोजचा हिशोब लिहिलाय, आज कुठे मुक्काम, उद्या कुठे. पण दुर्दैव असं की तो होडीवाला आहे. दगड काठावर उतरवला की त्याची जबाबदारी संपली, तो परत निघाला. वर कसा चढवला ते त्याने लिहिलं नाही.

---

प्रश्नचिन्ह

मग पिरॅमिडवरचा चढ नेमका कुठून होता?

---

काळा_कातळ

इथे एकमत नाही आणि मीही छातीठोकपणे सांगणार नाही. समोरून सरळ एकच चढ म्हटला तर ४३ मीटरला दहाला एक या हिशोबाने ४३० मीटर लांब, ते शक्य आहे. शेंड्यापर्यंत नेला तर दीड किलोमीटरच्या आसपास जातो आणि त्याचंच बांधकाम पिरॅमिडच्या तोडीचं होतं. बाहेरून गुंडाळत नेलेला म्हणावा तर भाऊंचा कोपऱ्याचा प्रश्न येतो, तीस मीटरचा तांडा कोपऱ्यावर वळणार कसा. एका फ्रेंच वास्तुकाराने चढ आतून होता असं मांडलंय, पण तसा बोगदा अजून दिसलेला नाही. मला वाटतं खालचा भाग एका पद्धतीने आणि वरचा दुसऱ्या. ४३ मीटरपर्यंत पोचेस्तोवर पिरॅमिडचं जवळजवळ पासष्ट टक्के सामान लागून झालेलं असतं, आणि त्या खोलीवरच्या पोकळ्यांच्या वर इतके मोठे दगड नाहीतच. शेंड्याकडचे दगड दोन-तीन टनांच्या आतले.

---

नील_पुणे

मग पहारीने का नाही चढवले सगळे? एक टोक उचलायचं, ठोकळा घालायचा, मग दुसरं टोक. चढच नको.

---

पहारवाला

दोन टनांचा दगड असा जातो वर, रोज केलंय. पाच टनांचाही जातो, लाकडांची आडवी-उभी थप्पी रचत. सहा फुटी पहार, टेकू टोकापासून तीन इंचावर, तर तेवीसपट फायदा. एका माणसाने ५० किलो दाब दिला की टोकाला टनभर उचल मिळते. पण ४० टनांची तुळई घ्या. एक टोक उचलायचं म्हणजे २० टन. वीस पहारी एकाच वेळी लागल्या पाहिजेत. दगड रुंदीला सव्वा मीटर, दोन्ही बाजूंनी माणसं दाटीवाटीने उभी केली तरी एका टोकाला आठ-दहा पहारींच्या वर जागा नाही. आणि त्यांच्याकडे पोलादी पहार नव्हती, लाकडाची होती. आणि थप्पी जितकी उंच तितकी डुलते. मी तीन फुटांच्या वर थप्पी रचू देत नाही.

म्हणून मोठा दगड ओढूनच वर न्यायचा आणि शेवटचं बोटभर सरकवायला पहार. दगडांना खाली खाचा आहेत का?

---

काळा_कातळ

आहेत, बाहेरच्या कवचाच्या काही दगडांना खालच्या कडेला पहार घालायला पाडलेल्या खाचा दिसतात.

---

माधुरी_सं

आपल्या वेरूळच्या कैलासाचं कोणी नाव कसं काढत नाही? तेही काही कमी नाही.

---

काळा_कातळ

माधुरीताई, कैलास मलाही अतिशय प्रिय आहे. पण तिथे दगड चढवलेलाच नाही. कडा वरून खाली कोरत आले, शिखर आधी आणि पाया शेवटी. म्हणून उचलायचा प्रश्नच उद्भवला नाही, तिथला प्रश्न होता काढलेला मलबा बाहेर न्यायचा, आणि एक चुकीचा घाव पडला तर दगड बदलता येत नाही याचा. तो वेगळा धागा होईल, तुम्ही काढा, मी लिहीन.

---

ओसरी

उंबरठा आला! अखंड! पहारवाले भाऊजी, तुम्ही सांगितलं तसंच केलं. पाइप, फळ्या, चार जण आणि माझा भाचा आवाज द्यायला. पावणेदोन तास लागले, बोळाच्या तोंडाशी एकदा तिरका झाला तेव्हा पाइप सरळ करून घेतले. पाथरवट स्वतः मदतीला उभा राहिला शेवटी.

---

पहारवाला

छान झालं वहिनी.

मीपण या रविवारी एक करून बघितलं, राहवलं नाही. गावी शेतावर. लाकडी फळ्यांची घसरगाडी केली, वर सिमेंटच्या तीन गोणी आणि दगड मिळून २०० किलो. दोर आणि मध्ये गोणी तोलायचा लटकता वजनकाटा. कोरड्या वाळूत काटा ११० च्या आसपास दाखवत होता, गाडी पुढे वाळू गोळा करत होती नीलभाऊ म्हणतात तशी. वाळू शिंपडून ओली केली तर ६५. मग ओढ्याकाठचा काळा गाळ दोन बोटं जाड फळ्यांवर थापला, पाणी मारलं. हलवताना काटा ४५ वर गेला आणि एकदा हलल्यावर २० ते २५. मी दोनदा बघितला काटा.

पण तिसऱ्या खेपेला ४० झाला. बघितलं तर गाडीने गाळ खरवडून कडेला लोटला होता आणि खालचं लाकूड उघडं पडलं होतं. म्हणजे प्रत्येक खेपेला कोणीतरी गाळ परत थापत असणार, पाणीवाले तिघंच का दाखवलेत कळत नाही, मला एकट्याला दोन बादल्या लागल्या तीस फुटांना. आणि एक चूक झाली, गाडी रात्रभर गाळावरच ठेवली. सकाळी काटा १५० दाखवायला लागला तरी हलेना, चिकटून बसली होती. पहार घालून एक कड उचलली तेव्हा सुटली.

कातळसाहेब, त्या चित्रात तिघं जण खाचा पाडलेलं लाकूड घेऊन चाललेत म्हणालात ना. ते यासाठीच तर नसेल?

---

काळा_कातळ

दादा, ते लाकूड कशासाठी यावर जुने लोक नुसते "तरफ असावी" एवढंच लिहून पुढे गेलेत. चिकटलेली गाडी सोडवायला हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. फोटो टाका ना गाडीचे, आणि पुढच्या रविवारी मी येतो. दहाला एक असा चढ करून बघू.